नव्या नोकरीचं पत्र आलं, पण जुन्या शाळेची नोटीस तीन महिन्यांची: रुजू होण्याची तारीख पुढे कशी मागायची?

नागपुरातल्या खाजगी शाळांमध्ये, आपल्या उर्दू माध्यमाच्या शाळांमध्येही, कायम शिक्षक म्हणून काम करणारे अनेकजण दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज करत असतात. कुणी केंद्र सरकारच्या शाळेसाठी परीक्षा देतो, कुणी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत मुलाखत देऊन येतो. निवड झाली की घरात मिठाई वाटली जाते. मग पत्र नीट वाचलं जातं आणि त्यात एक ओळ दिसते: “हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत रुजू व्हावे, अन्यथा नियुक्ती रद्द समजण्यात येईल.” इकडे जुन्या शाळेत तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तीस दिवसांत तीन महिने बसत नाहीत.

अशा वेळी घरातली मंडळी दोन प्रकारचे सल्ले देतात. एक म्हणतो, “आजच राजीनामा टाक, उशीर नको.” दुसरा म्हणतो, “गुपचूप जाऊन रुजू हो, इथलं नंतर पाहू.” दोन्ही सल्ल्यांनी माणूस अडचणीत येतो. नव्या ठिकाणी रुजू होण्याची तारीख रीतसर पुढे मागता येते आणि ती बऱ्याचदा मिळतेही. मात्र त्यासाठी आधी आपली नोटीस नेमकी कुठल्या दिवशी संपते हे माहीत हवं, कारण मागणी त्या तारखेवरच उभी राहते. ती तारीख कशी काढायची, पत्र कसं लिहायचं आणि राजीनामा कधी द्यायचा, हे आम्ही इथे एका उदाहरणावरून क्रमाने सांगत आहोत.

नोटीस तीन महिन्यांची का?

महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांना १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू आहे. शाळांमध्ये याला सगळे ‘एमईपीएस’ म्हणतात. शाळा अनुदानित असो की विनाअनुदानित, कायदा लागू होतो. अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेला मुख्याध्यापक आणि आणखी काही पदांच्या भरतीपुरती सवलत आहे. राजीनाम्याच्या नियमातून मात्र ती शाळा सुटत नाही. जिल्हा परिषद आणि महानगरपालिकेच्या शाळांचे नियम वेगळे आहेत, त्यांचा विचार या लेखात नाही.

राजीनाम्याचा नियम आहे नियम ४०. कायम कर्मचाऱ्याने तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यायची आणि जो कायम नाही त्याने एका महिन्याची. लवकर जायचं असेल तर संस्था परवानगी देऊ शकते, पण नोटीस जितके दिवस कमी पडते तितक्या दिवसांचं वेतन कर्मचाऱ्याने भरायचं. “देऊ शकते” हे शब्द लक्षात ठेवा. पैसे भरून लवकर सुटणं हा आपला हक्क नाही, त्याला संस्थेची संमती लागते.

याच नियमात पुढे अशी तरतूद आहे की संस्थेने नोटीस किंवा पैसे न घेता कुणाला सोडलं, तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते. म्हणून अनुदानित शाळेचे सचिवसाहेब कितीही ओळखीचे असले आणि “जा बेटा, काही बोलणार नाही” असं तोंडी म्हणाले, तरी त्यावर विसंबू नका. हिशेबाची वेळ आली की शाळेचं कार्यालय ती रक्कम मागणारच, कारण नाहीतर ती शाळेच्या खिशातून जाते.

सुट्यांची अडचण

नियम ४० चा तिसरा भाग बहुतेकांना माहीत नसतो आणि तारखेचा घोळ तिथेच होतो. सुटीचा हक्क असलेल्या कर्मचाऱ्याला, म्हणजे शिक्षकांना, सुटीच्या काळात राजीनाम्याची नोटीस देता येत नाही. नोटिशीच्या मुदतीत सुटीचा कुठलाही भाग येईल अशीही नोटीस देता येत नाही. शिवाय वर्षाचं पहिलं सत्र सुरू झाल्यापासून एक महिना नोटीस देता येत नाही.

आता हे आपल्या विदर्भाच्या कॅलेंडरवर मांडून पाहा. उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरच्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात. त्यात एक महिना मिळवला की जुलैची अखेर येते. तिथून तीन महिने मोजले की ऑक्टोबरची अखेर. आणि मग दिवाळीची सुटी. ज्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या मध्याला किंवा तिसऱ्या आठवड्यात येते, त्या वर्षी पहिल्या सत्रात पूर्ण तीन महिन्यांची नोटीस बसतच नाही. दिवाळी नोव्हेंबरमध्ये असेल तर काही दिवसांची फट मिळते.

दुसरी संधी दिवाळीनंतर. शाळा उघडली की नोटीस देता येते, पण ती उन्हाळी सुटीच्या आत संपायला हवी. सुटी मेच्या पहिल्या एक-दोन दिवसांत लागत असेल, तर नोटीस जानेवारीच्या अखेरपर्यंत संस्थेच्या हाती पडलेली हवी. फेब्रुवारीत दिलेली नोटीस मे महिन्यात जाते आणि सुटीत अडकते.

काही ठिकाणी दिवाळीची सुटी ही ‘सुटी’ धरायची की नाही यावर वाद घातला जातो. आमचा सल्ला असा की ती धरूनच हिशेब करा. हिशेब कडक केला तर नुकसान होत नाही. सैल केला आणि कार्यालयाने आक्षेप घेतला, तर कार्यमुक्तीचा आदेश नेमका गरजेच्या वेळी अडकतो.

एक उदाहरण घेऊ

समजा, मोमिनपुऱ्यातल्या एका अनुदानित उर्दू हायस्कूलमध्ये एक शिक्षिका कायम आहेत. त्यांची शाळा सोमवार, २९ जून २०२६ ला सुरू झाली. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि त्यांच्या शाळेने दिवाळी सुटी ५ नोव्हेंबरपासून ठेवली आहे. केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या एका संस्थेत त्यांची निवड झाली. नियुक्तीचं पत्र २७ जुलैचं, आणि त्यात २६ ऑगस्टपर्यंत रुजू व्हायला सांगितलं आहे. हिशेब सोपा जावा म्हणून वेतन महिना ६०,००० रुपये, म्हणजे दिवसाला २,००० धरू.

पहिला प्रश्न: त्या नोटीस कधी देऊ शकतात? शाळा सुरू होऊन एक महिना २९ जुलैला पूर्ण होतो, म्हणजे ३० जुलैपासून. दुसरा प्रश्न: सुटीत न अडकता नोटीस देण्याचा शेवटचा दिवस कोणता? मोजताना नोटीस संस्थेला मिळाली तो दिवस सोडून द्यायचा. ४ ऑगस्टला मिळाली तर तीन महिने ४ नोव्हेंबरला पूर्ण होतात आणि ५ तारखेला सुटी लागते. म्हणजे त्यांच्या हाती ३० जुलै ते ४ ऑगस्ट एवढे सहाच दिवस आहेत.

इथे घाई करावीशी वाटते. पण २७ जुलैला पत्र आलं, २८ ला मुदतवाढ मागितली, तर ४ ऑगस्टपर्यंत उत्तर येईलच असं नाही. उत्तराआधी राजीनामा दिला आणि नव्या संस्थेने मुदतवाढ नाकारली, तर नवी नोकरी २६ ऑगस्टला रद्द होईल आणि जुनी ४ नोव्हेंबरला संपेल. दोन्ही हातातून जातील.

उलट बाजूने पाहा. उत्तर १२ ऑगस्टला आलं आणि राजीनामा १३ ला दिला, तर तीन महिने १३ नोव्हेंबरला पुरे होतात. त्यांना सुटीच्या आधी, ४ नोव्हेंबरला दुपारनंतर कार्यमुक्त व्हायचं आहे. मग कमी पडतात ५ ते १३ नोव्हेंबर असे नऊ दिवस, म्हणजे १८,००० रुपये. संस्थेची संमती घेऊन ते भरले की मोकळ्या. थांबण्याची किंमत १८,००० रुपये आहे. न थांबण्यात दोन्ही नोकऱ्या जाण्याचा धोका आहे. म्हणून आम्ही म्हणतो: आधी लेखी मुदतवाढ, मग राजीनामा.

नव्या संस्थेला कुठली तारीख मागायची तेही यावरून ठरतं. ४ नोव्हेंबरला कार्यमुक्ती, ५ ला प्रवास, ६ नोव्हेंबरला, शुक्रवारी, रुजू. पत्रात हीच एक तारीख जाईल.

मुदतवाढीचं पत्र

पत्र लिहिताना एक चूक फार होते. उमेदवार लिहितो, “मला तीन महिने दिले तरच मी ही नियुक्ती स्वीकारेन.” हे वाचून समोरचा अधिकारी समजतो की स्वीकार अजून झालेलाच नाही, आणि प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाकडे वळायला त्याला कारण मिळतं. म्हणून स्वीकृतीचा जो नमुना पत्रासोबत येतो, तो आधी भरून सही करून पाठवा. मुदतवाढीची विनंती वेगळ्या पत्रात करा. दोन्ही एकाच दिवशी, एकाच ईमेलला जोडून गेले तरी चालतं. ईमेलसोबत स्पीड पोस्टानेही प्रत पाठवा.

विनंती मूळ मुदत संपायच्या आत पोहोचली पाहिजे. केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाच्या १९९५ च्या सूचनांनुसार, दिलेल्या मुदतीत उमेदवाराची विनंती आली आणि कारण पटलं तर मुदत वाढवता येते. मूळ मुदत धरून एकूण सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ नियुक्ती उघडी ठेवता येत नाही. या मुदतीत रुजू झालेल्याची ज्येष्ठता त्या कारणाने खाली जात नाही. एकदा रद्द झालेली नियुक्ती मात्र सहसा पुन्हा जिवंत केली जात नाही. आपल्या शिक्षिकेची मागणी पत्राच्या तारखेपासून १०२ दिवसांची आहे, म्हणजे साडेतीन महिन्यांच्याही आत. हे मंत्रालयांसाठीचे नियम आहेत. स्वायत्त संस्था आपापले नियम लावतात आणि खाजगी संस्थेला यातलं काहीच बंधनकारक नाही. तेव्हा “हा माझा हक्क आहे” अशी भाषा नको. विनंतीचीच भाषा ठेवा.

पत्र साधारण असं होईल. केंद्रीय संस्थेला ते हिंदी किंवा इंग्रजीत जाईल, पण मजकूर हाच.

> विषय: दि. ६ नोव्हेंबर २०२६ पर्यंत रुजू होण्यास मुदतवाढ मिळणेबाबत.
>
> संदर्भ: आपले नियुक्तीपत्र क्र. ……, दि. २७ जुलै २०२६.
>
> महोदय,
>
> संदर्भीय पत्रान्वये मला ……… या पदावर नियुक्ती देण्यात आली आहे. ही नियुक्ती मी स्वीकारली असून स्वाक्षरी केलेला स्वीकृती नमुना सोबत जोडला आहे.
>
> मी सध्या नागपूर येथील एका मान्यताप्राप्त खाजगी अनुदानित शाळेत कायम शिक्षिका आहे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, १९८१ मधील नियम ४० नुसार मला तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस देणे बंधनकारक आहे. त्यामुळे २६ ऑगस्ट २०२६ पर्यंत रीतसर कार्यमुक्त होणे मला शक्य नाही.
>
> आपली लेखी मंजुरी मिळताच मी राजीनाम्याची नोटीस देईन, दि. ४ नोव्हेंबर २०२६ रोजी कार्यमुक्त होईन आणि दि. ६ नोव्हेंबर २०२६ रोजी कार्यालयीन वेळेत कार्यमुक्ती आदेशासह रुजू होईन. नोटिशीचे जे दिवस कमी पडतील त्यांचे वेतन मी माझ्या संस्थेकडे भरणार आहे.
>
> तरी दि. ६ नोव्हेंबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मंजूर करून तसे लेखी कळवावे, ही विनंती.
>
> सोबत: स्वीकृती नमुना, कायम नियुक्तीच्या आदेशाची प्रत, नियम ४० ची प्रत.

या पत्रात घरची अडचण नाही, मुलांची शाळा नाही, आईची तब्येत नाही. ती कारणं खरी असली तरी इथे घालू नका. मुदतवाढ मंजूर करणाऱ्याला फाइलवर एक कारण लिहावं लागतं. त्याला नियमाचा क्रमांक आणि एक नक्की तारीख दिली की त्याचं काम सोपं होतं. “दोन-तीन महिने लागतील” असं लिहिलं की त्याला पुन्हा विचारावं लागतं आणि आपला आठवडा जातो.

नियमावलीची प्रत जोडायला विसरू नका. दिल्लीत किंवा दुसऱ्या राज्यात बसलेल्या अधिकाऱ्याला आपला एमईपीएस माहीत असेलच असं नाही. अनेक ठिकाणी एक महिन्याची नोटीस असते, त्यामुळे तीन महिने ऐकून त्याला ते निमित्त वाटू शकतं.

उत्तर येईपर्यंत आणि आल्यावर

पत्र पोहोचल्यावर चार-पाच दिवसांनी फोन करून ते कुणाच्या टेबलावर आहे ते विचारा. फोनवर “हो हो, या तुम्ही नोव्हेंबरमध्ये” असं कुणी म्हणालं तर त्याच दिवशी ईमेल पाठवा: “आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार ६ नोव्हेंबरपर्यंतच्या मुदतवाढीचं लेखी पत्र पाठवावं.” फोनवर बोललेला माणूस ऑगस्टमध्ये त्या खुर्चीत असतो. नोव्हेंबरमध्ये तो तिथेच असेल याची खात्री नाही.

मंजुरीचं पत्र आलं की तीन गोष्टी तपासा. त्यात तारीख लिहिली आहे का? ज्येष्ठतेबद्दल किंवा वेतनाबद्दल काही वेगळी अट घातली आहे का? वैद्यकीय तपासणी किंवा कागदपत्रांची पडताळणी बाकी ठेवली आहे का? ती रुजू होण्याआधी व्हायची असेल, तर आधी ती पार पाडा आणि मग राजीनाम्याकडे वळा.

उत्तर कमी दिवसांचं आलं तर? समजा संस्थेने लिहिलं की फक्त १० सप्टेंबरपर्यंत थांबू. १३ ऑगस्टला नोटीस देऊन ९ सप्टेंबरला सुटायचं, तर १० सप्टेंबर ते १३ नोव्हेंबर हे ६५ दिवस कमी पडतात, म्हणजे १,३०,००० रुपये. शिवाय सत्राच्या मधोमध शिक्षिकेला सोडायला शाळेने तयार व्हायला हवं. अशा वेळी आधी आपल्या संस्थेच्या सचिवांना भेटा, पैसे भरून लवकर सोडण्याची लेखी संमती मिळते का ते पाहा आणि घरी बसून रकमेचा विचार करा. नवी नोकरी आयुष्यभराची असेल तर काही कुटुंबं ही रक्कम उभी करतात. संमतीच मिळाली नाही, तर नव्या संस्थेला तसं कळवून एकदा पुन्हा विनंती करता येते. राजीनामा मात्र तोवर देऊ नका.

राजीनामा कसा द्यायचा

अधिनियमाच्या कलम ७ मध्ये याची रीत दिली आहे. राजीनाम्याच्या दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही करायची, तारीख घालायची. एक प्रत नोंदणीकृत टपालाने संस्थेच्या व्यवस्थापनाला पाठवायची, दुसरी आपल्याजवळ ठेवायची. पत्र व्यवस्थापनाच्या नावे हवं, मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून भागत नाही. टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणी टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आहे. आता स्पीड पोस्ट करताना नोंदणीची सेवा वेगळी मागून घ्यायची आणि पावती जपून ठेवायची. टपालाशिवाय एक प्रत शाळेच्या आवक विभागात देऊन शिक्का आणि तारीख घेतली तर नोटीस कधी मिळाली यावर वाद उरत नाही.

राजीनाम्यात “तात्काळ” हा शब्द नको, आणि कोरी तारीखही नको. कुठल्या तारखेला कार्यमुक्त व्हायचं आहे ते स्पष्ट लिहा आणि कमी पडणाऱ्या दिवसांचं वेतन भरायची तयारी त्याच पत्रात कळवा. वेतन म्हणजे कार्यालय नेमकं काय धरतं, मूळ वेतन की भत्त्यांसह, हे लेखी विचारून घ्या. रक्कम भरल्याची पावती कार्यमुक्ती आदेशाइतकीच महत्त्वाची आहे.

नोटिशीच्या मधेच नवी नियुक्ती काही कारणाने फिसकटली तर? पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या गोपालचंद्र मिश्रा प्रकरणात मान्य केलं आहे. तरी शाळेने तोवर दुसरा माणूस पाहिला असेल तर भांडण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. त्या भरवशावर राजीनामा टाकू नका. अडचण आलीच तर मात्र वेळ न घालवता लेखी माघार घ्या.

शेवटच्या महिन्यात कार्यमुक्ती आदेशासाठी एक स्मरणपत्र द्या. पदभार कुणाला सोपवायचा, उत्तरपत्रिका, वाचनालयाची पुस्तकं, सेवापुस्तकातल्या नोंदी, हे सगळं त्यात विचारा. ४ नोव्हेंबरला दुपारी मुख्याध्यापक सुटीच्या गडबडीत असतील. आदेश आधीच टाइप करून ठेवलेला असला तर सही पाच मिनिटांत होते.

अर्ज करतानाच घ्यायची काळजी

बराचसा त्रास अर्जाच्या वेळीच वाचवता येतो. अनेक अर्जांत आणि मुलाखतीत विचारतात, “निवड झाल्यास रुजू व्हायला किती वेळ लागेल?” नोकरी हातची जाईल या भीतीने उमेदवार “तात्काळ” लिहितात. नंतर तीन महिने मागितले की समोरचा माणूस तोच अर्ज पुढे करतो. तिथे “तीन महिने, नियम ४० नुसार” असं खरं लिहा. सरकारी संस्थेत अर्ज करत असाल आणि ना हरकत प्रमाणपत्र मागितलं असेल तर ते आपल्या संस्थेकडून वेळेत घ्या. ज्या संस्थेने ते स्वतः दिलं आहे, तिच्याशी पुढे कार्यमुक्तीचं बोलणंही सोपं जातं.

कंपनीत काम करणाऱ्या मुलांसाठी

मिहानमधल्या आयटी कंपन्यांत किंवा पुण्या-हैदराबादला काम करणाऱ्या मुलांची अडचण अशीच असते: नोटीस ९० दिवसांची आणि नवी कंपनी म्हणते ३० दिवसांत या. त्यांना नियम ४० लागू नाही. तिथे नियुक्तीपत्रातली अट हाच नियम. त्या अटीत नोटीस पैसे भरून कमी करता येते का, आणि तो निर्णय कुणाचा, हे शब्द नीट वाचा. अनेक पत्रांत तो निर्णय फक्त कंपनीचा असतो. नवी कंपनी घाई करत असेल तर ती रक्कम तिने द्यावी अशी विनंती करता येते. ती मान्य झाली तर ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. क्रम इथेही तोच: बदललेल्या तारखेचं पत्र आधी, राजीनामा नंतर.

न सांगता निघून जाण्याचा मार्ग तिथेही महागात पडतो. रिलीव्हिंग लेटर मिळत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात जुन्या नोकरीची सोडल्याची तारीख आणि नवीची सुरुवात एकमेकांवर चढलेली दिसते. नव्या कंपनीच्या पडताळणीत हे लगेच पकडलं जातं.

शिक्षक असो की इंजिनिअर, पत्र हाती आलं की त्याच रात्री कॅलेंडर काढा आणि चार तारखा कागदावर लिहा: पत्रातली शेवटची तारीख, नोटीस देता येईल तो पहिला दिवस, सुटी लागण्याचा दिवस आणि कार्यमुक्त होण्याचा दिवस. नव्या संस्थेला मागायची तारीख या चारांतून निघते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पत्र नव्या संस्थेला जाईल, जुन्या शाळेला नाही.